शेजारच्या सहकाऱ्याला ईदच्या शुभेच्छा: या चुका टाळा

ज्याच्याशी रोज ऑफिसात बोलणं होतं आणि जो राहतो शेजारच्याच दारात, अशा माणसाला ईदचा मेसेज पाठवताना चुका होतात त्या बहुधा दोनच ठिकाणी. एक तारखेत, दुसरी 'ईद मुबारक'च्या पुढे जोडलेल्या वाक्यात.

तारखेची चूक रमजान ईदला होते. रमजान 29 दिवसांचा की 30 दिवसांचा, हे एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी चंद्र दिसतो की नाही यावर ठरतं. कॅलेंडरात छापलेली तारीख हा अंदाज असतो. त्यात सौदीतली ईद बातम्यांत पाहून लोक इथे मेसेज टाकतात. 2025 मध्ये सौदीत ईद 30 मार्चला झाली, आपल्याकडे 31 मार्चला. तीसला सकाळी 'ईद मुबारक' पाठवलं असेल, तर तो मेसेज रोजा धरलेल्या माणसाच्या हातात पडला. म्हणून चंद्र दिसल्याचं जाहीर होईपर्यंत थांबा. त्या रात्रीला चांदरात म्हणतात आणि तेव्हापासून शुभेच्छा चालतात. बकरी ईदला ही धाकधूक नसते. ती चंद्र दिसून सुरू झालेल्या महिन्याच्या दहाव्या दिवशी येते, त्यामुळे तारीख साधारण दहा दिवस आधीच पक्की झालेली असते.

घाईत मेसेज आधीच गेला, तर गुपचूप डिलीट करू नका. 'मेसेज डिलीट केला' ही ओळ मागे राहते आणि उगाच शंका येते. 'अहो, चंद्राआधीच मी ईद केली! उद्या पुन्हा शुभेच्छा देतो,' एवढं लिहिलं की दोघंही हसतात.

मुहर्रमची सुट्टी पाहून 'मुहर्रम मुबारक' मात्र पाठवू नका. मुहर्रमची दहावी तारीख, म्हणजे आशुरा, ही करबलात इमाम हुसेन शहीद झाले त्याची आठवण आहे. त्या दिवशी शुभेच्छा देत नाहीत.

आता मजकूर. हा एक नेहमीचा नमुना:

'आपणांस व आपल्या परिवारास ईदच्या हार्दिक शुभेच्छा. आम्ही सर्व धर्मांचा आदर करतो. मग बिर्याणी कधी?'

पहिलं वाक्य चौकातल्या फ्लेक्सवरचं आहे. रोज 'सलीमभाई, चहाला येता का?' म्हणणारा माणूस सणालाच 'आपणांस' झाला की परकेपणा जाणवतो. दुसरं वाक्य त्याहून वाईट. ते दिसायला चांगलं आहे, पण त्यात शुभेच्छा सलीमभाईंना नसून स्वतःच्या मोठेपणाला आहेत. दिवाळीला आपल्याला कोणी 'आम्ही तुमच्या धर्माचा आदर करतो' असं लिहून पाठवलं, तर कसं वाटेल? 'तुम्ही त्यांच्यातले वाटतच नाही' हा त्याच जातीचा, कौतुक म्हणून मारलेला टोला. बिर्याणीचं म्हणाल, तर जुन्या दोस्तीत चालून जाईल, पण पहिल्याच मेसेजात ते आमंत्रण उकळणं होतं. शिवाय रमजान ईदला मान शीरखुर्म्याचा.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे गूगलवरून उचललेलं 'तकब्बलल्लाहु मिन्ना व मिनकुम'. 'अल्लाह आमच्याकडून आणि तुमच्याकडून कबूल करो,' असा त्याचा अर्थ. रोजे-नमाज करणाऱ्यांनी एकमेकांना म्हणायची ही दुआ आहे. आपण ती पाठवली तर कोणी रागावणार नाही, पण उसनी वाटते. 'ईद मुबारक' पुरतं, आणि पुढचं आपल्या रोजच्या मराठीत. तोच मेसेज असा लिहिता येईल:

'सलीमभाई, ईद मुबारक! तुम्हाला, भाभींना आणि मुलांना मनापासून शुभेच्छा. रोजे धरून तुम्ही आमच्याबरोबर मार्चएन्डची कामं उरकलीत, आता निवांत सण करा. संध्याकाळी पाचनंतर घरी असाल तर आम्ही दोघं भेटून जातो.'

मधलं वाक्य फक्त त्यांनाच लागू पडतं, म्हणून हा मेसेज फॉरवर्ड वाटत नाही. मात्र त्यांनी रोजे धरले हे ठाऊक असेल तरच ते लिहा. मधुमेहामुळे किंवा औषधांमुळे कोणाला धरता येत नाहीत, आणि तो विषय सणाच्या दिवशी निघायला नको. बकरी ईदला हे वाक्य तसंही गैरलागू. तिथे 'बकरी ईद मुबारक' पुढे घरच्यांची विचारपूस पुरे. कुर्बानीवर ना विनोद, ना सल्ला.

ईदची नमाज सकाळी असते. त्या वेळी फोन करू नका. मेसेज टाका आणि लगेच उत्तराची वाट पाहू नका. 'खैर मुबारक' असं उत्तर आलं तर तो 'ईद मुबारक'चा स्वीकार असतो, त्यावर पुन्हा काही लिहायची गरज नाही. घरी गेल्यावर पुरुषांनी गळाभेट घेतली तर घ्या. घरातल्या बाईंनी स्वतः हात पुढे केला नाही तर नमस्कार किंवा आदाब करा. आपल्या घरी शाकाहार असेल तर ताट समोर येण्याआधीच 'आम्ही शीरखुर्माच घेऊ' असं सांगून टाका. ताट आल्यावर सांगितलं की भाभींना दुसऱ्यांदा स्वयंपाकघरात जावं लागतं.