ऑनलाइन स्किनकेअर घेताना या चुका टाळा: बॅच कोडची तारीख आली म्हणजे माल अस्सल ठरत नाही

महागडं सनस्क्रीन किंवा सीरम घरी आलं आणि शंका आली, की बहुतेक लोक बॉक्सच्या तळाचा बॅच कोड वाचतात, checkfresh.com सारख्या साइटवर टाकतात आणि उत्पादनाची तारीख दिसली की समाधान मानतात. या एका सवयीपायी जितका नकली माल बिनबोभाट चेहऱ्यावर जातो, तितका दुसऱ्या कशानेही जात नसेल.

अशा साइटचा कंपनीच्या गोदामाशी किंवा विक्रीच्या नोंदींशी काहीही संबंध नसतो. कोणत्या ब्रँडच्या कोडमध्ये कुठलं अक्षर वर्ष दाखवतं आणि कुठले आकडे दिवस, एवढंच तिला माहीत असतं. त्या साच्यात बसणारा कोणताही कोड टाका, तारीख येणारच. नकली माल करणारा एक अस्सल बॉक्स विकत घेतो आणि त्यावरचा कोड जसाच्या तसा हजारो बॉक्सवर छापतो. तो कोड खराच असतो, त्यामुळे साइटही खरीच तारीख सांगते. या साइट माल किती जुना आहे हे कळण्यापुरत्या वापराव्यात. सेलमध्ये घेतलेली बाटली तीन वर्षांपूर्वीची निघाली, तर ती माहिती उपयोगाची आहेच.

मग बॅच कोडचं करायचं काय? आधी बॉक्सवरचा आणि आतल्या बाटलीवरचा कोड शेजारी शेजारी धरून वाचा. दोन्हीकडे कोड असेल तर तो सहसा एकच असतो. नकली मालात बॉक्स एका छापखान्यातून येतो आणि ट्यूब दुसरीकडून, म्हणून इथे गफलत होते. मग कोड कसा छापलाय ते बघा. बॉक्सवरचं नाव, चित्रं, घटकांची यादी हे सगळं छापखान्यात आधीच छापलेलं असतं. बॅच आणि तारीख मात्र माल भरतानाच्या टप्प्यावर मशीन टाकतं. त्यामुळे अस्सल बॉक्सवर ती बारीक ठिपक्यांची, लेझरने कोरलेली किंवा दाबून उठवलेली दिसते, आणि दोन बॉक्स घेतले तर जागा केसभर इकडेतिकडे असते. कोड बाकीच्या मजकुराच्याच शाईत, त्याच गुळगुळीत अक्षरांत, प्रत्येक बॉक्सवर अगदी त्याच जागी असेल, तर तो आर्टवर्कसोबतच छापला गेलाय असं समजायला जागा आहे.

नेलपॉलिश रिमूव्हरने कोड पुसून बघण्याची टूम सध्या जोरात आहे. पुसला गेला तर नकली, असं म्हणतात. हे चूक आहे. अस्सल मालावरची मशीनची शाईसुद्धा रिमूव्हरने निघू शकते, आणि ती निघाली की तक्रारीसाठी लागणारा पुरावा तुम्ही स्वतःच्या हाताने पुसलेला असतो. त्याऐवजी मोबाइलचा टॉर्च तिरका धरून तारखेच्या भोवतीची जागा बघा. तिथली चकाकी गेलेली असेल, खरवडल्यासारखा धुरकट पट्टा असेल किंवा नव्या आकड्यांखाली जुन्या आकड्यांची सावली दिसत असेल, तर मुदत संपलेल्या मालावर नवी तारीख टाकलेली असू शकते. आतलं क्रीम मूळ कंपनीचं असलं तरी ते वापरू नये.

सगळ्यात जास्त माहिती मिळते ती तारखा एकमेकींशी ताडून. एक उदाहरण घेऊ. ५० मिलीची कोरियन सनस्क्रीनची ट्यूब आहे. ट्यूबच्या दाबलेल्या टोकावर दोन तारखा आहेत, २०२४०३१५ आणि २०२७०३१४. कोरियन मालावर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असतो. म्हणजे उत्पादन १५ मार्च २०२४ चं आणि मुदत तीन वर्षांची. इथवर ठीक. आता बॉक्सवरचा भारतीय आयातदाराचा पांढरा स्टिकर वाचा. त्यावर आयातीचा महिना लिहिलाय ०२/२०२४. म्हणजे तयार होण्याच्या आदल्या महिन्यातच ही ट्यूब भारतात उतरली! असं होतं, कारण एका अस्सल स्टिकरची नक्कल करून अख्खा रोल छापतात आणि मिळेल त्या मालावर डकवत सुटतात. स्टिकर मुदतीच्या तारखेवरच चिकटवलेला असेल, तर तो अलगद उचलून खालची तारीख बघा, मात्र त्याआधी फोटो काढून ठेवा.

कॉस्मेटिक्स नियम, २०२० प्रमाणे परदेशी मालाला नोंदणी लागते आणि लेबलवर नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक व नोंदणीधारकाचं नाव-पत्ता द्यावा लागतो. हा क्रमांक RC/COS अशा अक्षरांनी सुरू होतो. त्याखेरीज एमआरपी, निव्वळ वजन किंवा माप, मूळ देश आणि ग्राहक सेवेचा संपर्क हवा. स्टिकरच नसेल तर माल नकलीच असेल असं नाही. कुणीतरी बॅगेतून आणलेला अस्सल मालही असा विकला जातो. पण त्याची जबाबदारी घेणारं इथे कुणी नसतं आणि तो वाटेत किती उन्हातान्हात पडून होता हे कळायला मार्ग नसतो. सनस्क्रीनच्या बाबतीत हा धोका पत्करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तरीही शंका उरली तर ब्रँडला मेल करा. पत्ता ब्रँडच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या, स्टिकरवरून नको. नकली स्टिकरवरचा फोन नकली माणूसच उचलेल. ‘हे ओरिजिनल आहे का?’ असं विचारलं तर ‘फोटोवरून सांगता येत नाही’ असं ठरावीक उत्तर येतं. त्याऐवजी ट्यूबचं टोक, बॉक्सचा तळ आणि स्टिकर यांचे तीन स्वच्छ फोटो जोडा आणि विचारा: ही बॅच भारतात पाठवली होती का, आणि कोणत्या आयातदारामार्फत? या प्रश्नाचं उत्तर कंपनीला स्वतःच्या नोंदी पाहून देता येतं.

दुसरी मोठी चूक विक्रेत्याबाबत होते. ‘साडेचार स्टार आहेत, बारा हजार लोकांनी घेतलंय’ हे वाक्य फसलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडी असतं. मोठ्या मार्केटप्लेसवर एकाच वस्तूच्या पानावर अनेक विक्रेते माल विकत असतात. ते स्टार त्या वस्तूचे असतात, आज तुमची ऑर्डर ज्याच्याकडे जाणार आहे त्या विक्रेत्याचे नसतात. काल ब्रँडचा स्वतःचा विक्रेता वर होता, आज तीस रुपयांनी स्वस्त देणारा दुसराच कुणी तिथे आलेला असू शकतो. मार्केटप्लेसच्या गोदामातून माल येतो म्हणजे मार्केटप्लेसने तो तपासलाय, असंही नाही. म्हणून पैसे भरण्याआधी ‘Sold by’ पुढचं नाव उघडा. तिथे विक्रेत्याचं नाव आणि पत्ता असलाच पाहिजे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी मार्केटप्लेसवर ते बंधन घातलंय. मग ब्रँडच्या वेबसाइटवर अधिकृत विक्रेत्यांची यादी असेल तर तीत हे नाव शोधा. यादीत नाव नसेल, तर पुढची तपासणी करत बसू नका, दुसरीकडून घ्या.

यादी मिळाली नाही तर जीएसटी नंबर बघा. तो पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, दिल्लीचे ०७. पुढची दहा अक्षरं त्या व्यवसायाच्या पॅनची. हा नंबर services.gst.gov.in वर ‘Search Taxpayer’ मध्ये टाकला की नोंदणीतलं नाव, नोंदणीची तारीख, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द झालीय ते दिसतं. लिस्टिंगवर पुण्याचा पत्ता आणि बिलावर ०७ ने सुरू होणारा नंबर, एवढ्यावरून आरोप करू नका. मोठ्या विक्रेत्यांचे प्रत्येक राज्यात वेगळे नंबर असतात. पण बिलावरचा विक्रेत्याचा पत्ता आणि त्याच बिलावरचा नंबर एकाच राज्याचे हवेत. नोंदणी दोन महिन्यांपूर्वीची, नाव मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानाचं आणि विक्रीला पाच परदेशी ब्रँडची सीरम, असं चित्र दिसलं तर ऑर्डर रद्द करा. जीएसटी नंबर खरा निघाल्याने माल खरा ठरत नाही. गडबड झालीच तर कुणाला धरायचं, एवढं मात्र नक्की कळतं.

भारतीय ब्रँडच्या मालावर ‘मार्केटेड बाय’ एक नाव आणि ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ दुसरंच, हे पाहून लोक घाबरतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, बरेच ब्रँड दुसऱ्याच्या कारखान्यात माल बनवून घेतात. पाहायचं ते वेगळंच. काही पॅकवर दोन-तीन कारखान्यांचे पत्ते छापलेले असतात, प्रत्येकापुढे एक अक्षर, आणि बॅच क्रमांकाच्या सुरुवातीचं अक्षर पाहा अशी सूचना. तुमच्या बॅचचं अक्षर त्या यादीत नसेल तर काहीतरी चुकलंय. त्या कारखान्याच्या पत्त्याशी उत्पादन परवान्याचा क्रमांकही हवा.

बारकोड स्कॅन झाला म्हणून खूश होऊ नका, तोही बॉक्ससोबत कॉपी होतो. ८८० ने सुरुवात म्हणजे नंबर कोरियातल्या संस्थेने दिलाय, माल तिथे बनला असं नाही. होलोग्राम रोलने विकत मिळतात. स्पेलिंगच्या चुका शोधण्याचे दिवस गेले, आता बॉक्स स्कॅन करून छापतात. व्हिटॅमिन सी सीरम गडद नारिंगी झालं असेल तर ते हवेने खराब झालेलं आहे, त्यावरून नकली-अस्सल ठरत नाही. पाण्यात थेंब टाकून बघण्याच्या चाचण्या सोडून द्या.

गोरं करणाऱ्या ज्या क्रीमवर निर्माताच लिहिलेला नाही, तिची तपासणी करायची गरजच नाही, ती घ्यायची नाही. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ दरम्यान किडनीच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण नोंदवले. त्यांतल्या १५ जणांत त्या आजाराचा एक दुर्मिळ प्रकार निघाला, आणि त्या १५ पैकी १३ जण अशा क्रीम वापरत होते. संशय पाऱ्यावर होता. भारतात अशा क्रीममध्ये पारा मुद्दाम घालायला बंदी आहे.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, पण नीट. कुरिअरचं लेबल, मग न फोडलेलं पाकीट, मग बॉक्सचं सील आणि बॅच, हे सगळं एकाच सलग व्हिडिओत हवं. मध्ये कट असेल तर त्याचं वजन कमी होतं. शंका आली की वापर थांबवा, रिटर्नची मुदत संपायच्या आत तक्रार टाका. मार्केटप्लेसच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायला हवं. तसं झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. माल भेसळीचा किंवा बिनपरवान्याचा वाटत असेल तर महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाला १८००-२२२-३६५ वर कळवा. या वेळी ट्यूब, बॉक्स आणि बिल तिन्ही हवेत, म्हणून बॉक्स पहिल्याच दिवशी टाकून देऊ नका.

अस्सल माल संपल्यावरचीही एक खबरदारी आहे. रिकाम्या बाटल्या आणि बॉक्स विकत घेऊन त्यांत दुसरंच काही भरून विकणारे आहेत, आणि अशा बाटलीवर वर सांगितलेली जवळपास प्रत्येक तपासणी पास होते. ट्यूब मधोमध कापा, काचेच्या बाटलीवरचं लेबल ओरखडा, कोड मार्करने खोडा, बॉक्स फाडा, आणि मगच कचऱ्यात टाका.