“सध्याची नोकरी का सोडताय?”: साहेबांना नावे न ठेवता उत्तर कसे तयार करावे

मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो आणि खरे कारण वरिष्ठांशी न पटणे हे असेल, तर उत्तर तिथेच घसरते. एक उदाहरण घेऊ. चाकणच्या एका वाहन-सुटेभाग कारखान्यात चार वर्षे क्वालिटी इंजिनिअर असलेला एक जण दुसरीकडे मुलाखतीला निघाला आहे. त्याचे मनातले कारण असे: “तक्रारीचं सगळं विश्लेषण मी करतो, पण कस्टमरसमोर साहेब स्वतः जातात आणि श्रेयही स्वतःच घेतात.”

हे वाक्य प्रथम आहे तसे, रागासकट, कागदावर उतरवावे. मग स्वतःला एकच प्रश्न विचारावा: उद्या साहेब बदलले, तरी मला कोणते काम हवे असेल? आपल्या इंजिनिअरच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे. त्याला कस्टमरशी थेट बोलायचे आहे आणि पुरवठादारांच्या कारखान्यांत जाऊन ऑडिट करायचे आहे. तक्रारीतला माणूस वगळल्यावर जे काम उरते, तेच सांगण्याजोगे कारण असते आणि ते खरेही असते. काहीच उरले नाही, तर मात्र नव्या पदाच्या जाहिरातीत आपल्याला नेमके काय आवडले, तिथून सुरुवात करावी. घरगुती अडचणीचे खोटे कारण रचू नये. पुढच्या फेरीत दुसरी व्यक्ती तोच प्रश्न विचारते आणि दोन उत्तरांचा मेळ बसत नाही.

आता उत्तर तीन-चार वाक्यांत बांधावे. आतापर्यंत काय शिकलो, पुढे काय करायचे आहे आणि ते इथे कसे जुळते, एवढाच क्रम पुरतो. आपल्या इंजिनिअरचे उत्तर असे होईल: “चार वर्षांत लाइनवरच्या तपासणीपासून कस्टमर कम्प्लेंटच्या विश्लेषणापर्यंतचं काम मी केलं. आता पुरवठादारांकडची गुणवत्ता आणि कस्टमरशी थेट संवाद याची जबाबदारी घ्यायची आहे. आमच्याकडे ते काम वरिष्ठ पातळीवर होतं. तुमच्या या पदात तेच मुख्य काम आहे, म्हणून अर्ज केला.” तिसऱ्या वाक्यात साहेबांची गोष्ट आलीच आहे, पण ती कामाच्या वाटणीची माहिती म्हणून, गाऱ्हाणे म्हणून नाही.

लिहून झाल्यावर लपलेली टीका शोधावी. ती बहुधा लहान शब्दांत असते. “आमच्याकडे ते काम फक्त साहेबच करतात” यातला ‘फक्त’ आणि ‘च’ काढून पाहावे. “तिथे वावच नाही”, “शेवटी वैतागून ठरवलं” किंवा “तुम्हाला तर माहीतच आहे तिथे काय चालतं” ही वाक्ये नाव न घेताही बोट दाखवतात. चाकण, भोसरी, रांजणगाव या पट्ट्यात समोरचा माणूस तुमच्या साहेबांना ओळखत असण्याची शक्यताही बरीच असते. उत्तर मोठ्याने म्हणून पाहावे, तेही मुलाखत ज्या भाषेत होणार आहे त्या भाषेत. मराठीत सौम्य वाटणारे वाक्य घाईत हिंदी-इंग्रजीत नेले की पुष्कळदा कडवट होते.

खरी कसोटी उपप्रश्नांची असते. “मग हे काम तिथेच का नाही मागितलं?” असे विचारले तर घडले तेवढेच सांगावे: “गेल्या अप्रेझलला विचारलं होतं. सध्याच्या रचनेत तशी जागा नाही, असं कळलं.” विचारलेच नसेल, तर मुलाखतीआधी एकदा विचारून घेणे उत्तम. काही जण मुद्दाम डिवचतात: “त्या कंपनीत फार ताण असतो म्हणे?” यावर होकार किंवा बचाव दोन्ही नको. “काम भरपूर होतं आणि त्यातच मी शिकलो. इथल्या पुरवठादारांची संख्या साधारण किती आहे?” असे म्हणून संभाषण पुन्हा पदाकडे वळवावे.

या पद्धतीला एक मर्यादा आहे. पगार महिनोन्‌महिने थकला असेल किंवा कारखाना दुसऱ्या गावी हलणार असेल, तर ते गुळमुळीत शब्दांत झाकू नये. “गेल्या तीन महिन्यांचे पगार झालेले नाहीत, म्हणून बदल पाहतोय” हे विशेषण नसलेले विधान आहे; त्याला टीका म्हणत नाहीत. त्यावर स्वतःचे भाष्य मात्र जोडू नये.

निवड झाल्यावर राजीनामा लिहिताना कारणाला एक ओळ पुरते: “अधिक व्यापक जबाबदारीची संधी मिळाल्याने मी राजीनामा देत आहे.” त्याखाली नोटीस कालावधीनुसार कामाचा शेवटचा दिवस आणि काम कोणाकडे सोपवायचे, याची विचारणा लिहावी. रिलीव्हिंग लेटर याच साहेबांच्या सहीने पुढे सरकायचे असते.