दिवस गेलेत हे कळण्याआधी दारू घेतली असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीची तयारी

आधी कॅलेंडर घ्या आणि शेवटच्या पाळीचा पहिला दिवस लिहा. गर्भाचं वय डॉक्टर त्या तारखेपासून मोजतात, म्हणजे पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ नसतोच. समजा पाळी १ मार्चला आली आणि चक्र २८ दिवसांचं आहे. मग बीज साधारण १५ मार्चला सुटतं आणि २१ ते २५ मार्चच्या सुमारास गर्भ रुजतो. १४ मार्चच्या हळदीत घेतलेली वाइन गर्भधारणेच्या आधीची ठरते. २२ मार्चचे दोन पेग रुजण्याच्या काळातले. या काळात गर्भाला मोठी इजा झाली तर तो बहुधा टिकत नाही, आणि टिकला तर सहसा नीट वाढतो. १२ एप्रिलची गोष्ट मात्र वेगळी. तेव्हा सहावा आठवडा पूर्ण होतो, मेंदू आणि हृदय घडत असतं. पाळी अनियमित असेल, तर ही तारखांची मांडणी सोनोग्राफीत वय कळेपर्यंत कच्चीच समजा.

मग प्रत्येक तारखेपुढे काय आणि किती घेतलं ते लिहा. ३० मिली व्हिस्कीत साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. बिअर हलकी असते असं बऱ्याच जणी धरून चालतात, पण ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिली बाटलीत ते जवळजवळ ४० ग्रॅम भरतं, म्हणजे चार छोटे पेग. एका बैठकीत एवढं झालं असेल किंवा असं वारंवार झालं असेल, तर तसंच स्पष्ट लिहा, कारण जोखीम तिथे वाढते. एक-दोनदा थोडी घेऊन, कळताच थांबलेल्या बाईच्या बाळाला धोका कमी असतो. तो शून्य आहे असं कुणी सांगू शकत नाही, कारण सुरक्षित प्रमाण ठरलेलंच नाही. पण एवढ्या कारणावरून गर्भपाताचा निर्णय घेऊ नका.

आजपासून दारू पूर्ण बंद. फक्त रोज भरपूर पिण्याची सवय असेल, तर एकदम सोडू नका. थरथर, घाम, फिट येऊ शकते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. फॉलिक ॲसिड सुरू नसेल तर विचारून घ्या, नेहमीचा डोस रोज ४०० मायक्रोग्रॅम असतो. दारूबरोबर सिगारेट किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या असतील, तर त्यांचीही नोंद करा.

सासूबाई किंवा आई सोबत येणार असतील, तर आत गेल्यावर "डॉक्टर, दोन मिनिटं तुमच्याशी एकटीने बोलायचंय" असं म्हणा. हे वाक्य घरीच ठरवून ठेवा, नाहीतर ऐनवेळी सगळं गिळलं जातं. कागद डॉक्टरांच्या हातात द्या आणि विचारा, "या तारखांना गर्भ किती आठवड्यांचा होता?" १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका. तिच्यात हृदय, पाठीचा कणा आणि शरीराची ठेवण दिसते. दारूमुळे पुढे शिकण्यात किंवा वागण्यात येऊ शकणाऱ्या अडचणी त्यात दिसत नाहीत, म्हणून प्रसूतीनंतर बालरोगतज्ज्ञांनाही हाच कागद दाखवा.