१ एचपीची थ्री फेज मोटर सिंगल फेजवर: कपॅसिटर किती, ताकद किती

पिलर ड्रिलवरची १ एचपी, म्हणजे ०.७५ किलोवॅटची मोटर समोर धरू. नेमप्लेटवर ४१५ व्होल्ट, स्टार, १.८ अँपिअर लिहिले आहे. स्टारमध्ये प्रत्येक वाइंडिंगवर ४१५ भागिले १.७३ म्हणजे २४० व्होल्ट पडतात. घरातला फेज-न्यूट्रल पुरवठाही साधारण तेवढाच, म्हणून हीच मोटर डेल्टात जोडली की वाइंडिंगला तिचा पूर्ण दाब मिळतो. नेमप्लेटवर ४१५ व्होल्ट डेल्टा असेल, आणि ३ एचपीपासून वरच्या मोटरी बहुधा तशाच असतात, तर हा मार्ग सोडा. तिथे वाइंडिंगला ४१५ऐवजी २४० मिळतात आणि टॉर्क एक तृतीयांशावर येतो. शेतावरचा ५ एचपीचा पंप कपॅसिटरने नीट न चालण्याचे एक मोठे कारण हेच.

मेन बंद करून टर्मिनल बॉक्स उघडा. सहा टोके दिसली तर स्टारची आडवी पट्टी काढून तीन उभ्या पट्ट्या लावा: यू१ला डब्ल्यू२, व्ही१ला यू२, डब्ल्यू१ला व्ही२. हीच डेल्टा. तीनच वायरी बाहेर असतील तर स्टारचा सांधा आत बांधलेला आहे. तो सोडवून सहा टोके बाहेर काढण्याचे काम वाइंडरकडे द्या. टोकांची सुरुवात-शेवट उलटली तर मोटर घोंघावते आणि जळते.

आता फेज यू१ला, न्यूट्रल व्ही१ला. कपॅसिटरचे एक टोक डब्ल्यू१ला आणि दुसरे यू१ला. दिशा उलटी आली तर हे दुसरे टोक व्ही१वर न्या, बाकी काही हलवू नका. मोटरच्या बॉडीला अर्थिंग हवेच.

कपॅसिटरच्या आकड्यात सगळ्यात जास्त चुका होतात. दर किलोवॅटला ७० मायक्रोफॅरड हा प्रचलित ठोकताळा आपल्या मोटरला सुमारे ५२ सांगतो. पण डब्ल्यू१मधून जाणारा सगळा करंट कपॅसिटरमधूनच येतो, त्यामुळे कपॅसिटर करंट मोजूनच ठरवलेला बरा. डेल्टात या मोटरचा लाइन करंट १.८ गुणिले १.७३, म्हणजे ३.१ अँपिअर. ५० हर्ट्झला २४० व्होल्टवर तेवढा करंट सुमारे ४१ मायक्रोफॅरडमधून जातो. ५० लावले तर ३.८ अँपिअर होतात, म्हणजे ते वाइंडिंगला जड. म्हणून ३६ किंवा ४०पासून सुरुवात करा. रन कपॅसिटर ४४० व्होल्ट एसीचाच घ्या. लोड हलका असताना कपॅसिटरवरचा दाब पुरवठ्याच्या वर चढतो.

यातच ड्रिलची अडचण आहे. एक कपॅसिटर तिन्ही करंट एकाच ठरावीक लोडला जवळपास सारखे करतो, आणि ड्रिल तर बराच वेळ रिकामे फिरते. रिकाम्या मोटरमध्ये डब्ल्यू१चा करंट वाढतो, म्हणून काम न करताच मोटर तापू शकते. क्लॅम्प मीटर तिन्ही वायरींवर आळीपाळीने लावा, एकदा रिकामे आणि एकदा भोक पाडताना. एकाही वायरीत ३.१च्या वर करंट सतत राहू नये. रिकामे असताना डब्ल्यू१चा करंट ३.१च्या वर जात असेल तर कपॅसिटर कमी करा. ओव्हरलोड रिलेचे तीन पोल कपॅसिटरच्या सांध्यानंतर, मोटरकडे जाणाऱ्या तिन्ही वायरींत घालून तो ३.१ अँपिअरला लावा.

नुसत्या रन कपॅसिटरवर सुरुवातीचा टॉर्क दुबळा असतो. ड्रिल रिकामे सुरू होते, म्हणून बहुधा निभावते. बेल्ट घट्ट असेल आणि मोटर नुसती गुणगुणत उभी राहिली तर लगेच बंद करा. ८० ते १०० मायक्रोफॅरडचा मोटर स्टार्ट कपॅसिटर रन कपॅसिटरला समांतर, स्प्रिंगच्या पुश बटनातून जोडा. मोटरने वेग घेतला की, दोन-तीन सेकंदांत, बटन सोडा. हा कपॅसिटर सतत चालण्यासाठी बनलेला नसतो. दाबून ठेवला तर फुगतो, फुटतोही. दोन्ही कपॅसिटरांवर डिस्चार्ज रेझिस्टर लावा. मेन बंद केल्यावरही हात लावण्याआधी मीटरने दाब शून्य झाल्याची खात्री करा.

जोडणी कितीही नीट केली तरी पूर्ण १ एचपी मिळणार नाही. डेल्टातले तिन्ही करंट एका कपॅसिटरने तंतोतंत सारखे व्हायला मोटरचा पॉवर फॅक्टर ०.५ हवा. कामाच्या लोडवर तो ०.७५ ते ०.८च्या आसपास असतो. उरलेल्या असमतोलातून उलट्या दिशेने ओढणारे क्षेत्र तयार होते. ते टॉर्क खाते आणि रोटर तापवते. म्हणून ७० टक्के धरा: ०.७५ किलोवॅटचे ०.५२, म्हणजे सुमारे ०.७ एचपी. ड्रिलवर याचा अर्थ मोठ्या बिटला फीड हळू द्यायचा. वेग खाली बसू लागला की दाब कमी करा.

कॉम्प्रेसर किंवा भरलेला कन्व्हेयर असा सुरुवातीलाच जड लोड असेल, किंवा पूर्ण १ एचपी हवीच असेल, तर सिंगल फेज इनपुट आणि २३० व्होल्ट थ्री फेज आउटपुटचा व्हीएफडी हा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह घ्या. मोटर तशीच डेल्टात राहते, कपॅसिटर मात्र काढून टाकायचे. व्हीएफडीच्या आउटपुटवर कपॅसिटर राहिला तर ड्राइव्ह जाते.