एसीच्या कराराचा दर वाढवायचा आहे? मेल पाठवण्याआधीची तयारी

पहिलं काम कॅलेंडर बघायचं. नागपुरात एसीच्या देखभालीचा धंदा करणाऱ्याने दरवाढीचा मेल एप्रिल-मेमध्ये पाठवूच नये. हे मी पदरचा एक ग्राहक घालवून शिकलो. मे महिना, पारा 45च्या पुढे, त्यांच्या दोन मशिन्स बंद, आणि नेमका त्याच दिवशी माझा मेल गेला. त्यांच्या व्यवस्थापकांनी फोनवर एवढंच विचारलं, "भाऊ, आत्ताच काऊन वाढवून राहिले?" वाढ रास्त होती, हिशेबही बरोबर होता, पण मेल वाचणाऱ्याला त्यात अडवणूक दिसली. पुढच्या वर्षी करार दुसऱ्याकडे गेला. त्यानंतर मी वाढीचं पत्र जानेवारीअखेर पाठवतो. करार 31 मार्चला संपतो, म्हणजे समोरच्याच्या हातात दोन महिने असतात. हवा थंड असते, दुसऱ्या दोघांकडून कोटेशन मागवायलाही त्यांना वेळ मिळतो. तो वेळ त्यांना आहे म्हणूनच ते आपलं म्हणणं शांतपणे वाचतात.

तारीख ठरली की करार काढून पूर्ण वाचा. त्यात दरवाढीचं कलम आहे का, किती दिवस आधी कळवायचं लिहिलंय, आणि मुदत नेमकी कधी संपते, या तीन गोष्टी पेन्सिलने खुणा करून ठेवा. तसं कलम नसेल तर मुदत संपायच्या आत दर वाढवता येत नाही, मग तांबं किंवा गॅस कितीही महाग होवो. असल्या वाढीसाठी विनंती करता येते, पण ती विनंतीच असते आणि तसंच लिहावं लागतं.

आता हिशेब. इथे घाई करू नका, कारण मेल हिशेबावरच उभा राहतो. उदाहरणाला धंतोलीतलं एक डोळ्यांचं हॉस्पिटल घेऊ. 26 स्प्लिट एसी: ओपीडी, वॉर्ड, औषधांची खोली, ऑफिस. (ऑपरेशन थिएटरची यंत्रणा वेगळी असते आणि तिचा करारही वेगळा.) तीन वर्षांपूर्वी ठरलेला दर मशीनमागे वर्षाला 2,400 रुपये, फक्त मजुरीचा, सुटे भाग आणि गॅस वेगळे. वर्षात चार सर्व्हिस. एकूण 62,400.

एका फेरीला दोघांचे चार दिवस लागतात, म्हणजे वर्षाचे 16 दिवस. तेव्हा कारागीर, हेल्पर, पेट्रोल आणि सामान धरून दिवसाला 1,650 पडायचे. आज 2,100 पडतात. म्हणजे सर्व्हिसचा खर्च 26,400 वरून 33,600 झाला. एवढंच असतं तर मी दर वाढवला नसता. खरी गोष्ट मध्येच येणाऱ्या कॉलची आहे. पहिल्या वर्षी 14 कॉल आले, एकाला साधारण 600 रुपये खर्च, म्हणजे 8,400. गेल्या वर्षी 31 कॉल, एकाला 700, म्हणजे 21,700. सगळं मिळून खर्च 34,800 वरून 55,300 वर गेला. हातात उरतात 7,100, आणि त्यातून दुकानाचं भाडं, फोन, हिशेबनीस.

नवा दर 2,900 धरला तर 26 मशीनचे 75,400 होतात, वाढ 13,000 ची. पहिल्या वर्षी उरायचे तेवढे यातही उरत नाहीत, पण काम नीट करता येतं. ग्राहकाला मात्र हा सगळा ताळेबंद पाठवायचा नाही. तुमचं भाडं आणि तुमचा नफा हा त्यांचा प्रश्न नाही. त्यांच्या इमारतीतली जी गोष्ट बदलली, तेवढीच सांगायची: कॉल 14 चे 31 झाले.

पण इथेच एक खड्डा आहे. 31 कॉल वाचून समोरचा म्हणू शकतो, "म्हणजे तुमची सर्व्हिसच बरोबर होत नाही!" म्हणून मेल लिहायला बसण्याआधी कॉलचं रजिस्टर उघडा आणि प्रत्येक कॉलचं कारण लिहून काढा. इथे 12 कॉल फक्त चार मशिन्सचे निघाले, ज्यांचे आउटडोर गच्चीवर पश्चिमेच्या उन्हात आहेत. धुळीने कॉइल चोंदली आणि दुपारचं ऊन आलं की कॉम्प्रेसर गरम होऊन बंद पडतो. 9 कॉल व्होल्टेज आणि कपॅसिटरचे. उरलेले 10 पाणी गळण्याचे, म्हणजे निचऱ्याचा पाइप तुंबल्याचे. या दहांमध्ये आपली चूक असू शकते. असेल तर ती मेलमध्ये मान्य करा आणि काय बदलणार ते लिहा. ती लपवून फक्त उन्हाला दोष दिला तर पुढचं काहीच पटत नाही.

जीएसटीची बाजू बहुतेक जण विसरतात. देखभालीवर 18 टक्के लागतो. कोचिंग क्लासला किंवा कंपनीला तो इनपुट क्रेडिटमध्ये परत मिळतो, म्हणून त्यांच्यासाठी कराशिवायचा आकडाच खरा. हॉस्पिटलची उपचारसेवा जीएसटीमुक्त आहे, त्यामुळे त्या कामासाठी भरलेल्या कराचं क्रेडिट त्यांना मिळत नाही. (चष्म्याचं दुकान असेल तर थोडा भाग मिळू शकतो, ते त्यांचे सीए बघतील.) त्यांच्या खिशातून जाणारा आकडा 73,632 वरून 88,972 होणार, म्हणजे 15,340 जास्त. मेलमध्ये हाच आकडा लिहा. 13,000 लिहून बिल 15,340 ने वाढलं तर अकाउंटवाल्या मॅडम तुम्हाला कायमच्या लक्षात ठेवतील.

टक्क्यांचं काय? 2,400 वर 500, म्हणजे जवळपास 21 टक्के. मोठं दिसतं. काही जण म्हणतात, टक्के लिहूच नका. मी लिहितो, कारण मेल उघडल्यावर व्यवस्थापक सगळ्यात आधी कॅल्क्युलेटरच काढतात. मात्र त्याच वाक्यात लिहितो की तीन वर्षं दर तोच होता.

मेल कुणाला जाणार ते ठरवा. करारावर सही डॉक्टरांची, रोजचा व्यवहार व्यवस्थापकांशी. मेल व्यवस्थापकांना, प्रत डॉक्टरांना. पण त्याआधी, त्याच सकाळी, व्यवस्थापकांना दोन मिनिटांचा फोन: "मॅडम, पुढच्या वर्षीचा दर कळवतोय, 2,900 होतोय, सगळं मेलमध्ये लिहितो." फोनवर घासाघीस सुरू झाली तर "आधी वाचून घ्या, मग बसून बोलू" एवढंच म्हणा. डॉक्टरांनी विचारल्यावर त्यांना "मला माहीत नाही" म्हणावं लागू नये, एवढ्यासाठी हा फोन. सोमवारी करू नका, ओपीडीची गर्दी असते.

विषयाच्या ओळीत "महत्त्वाची सूचना" किंवा "नववर्षाच्या शुभेच्छा" नको. "एसी देखभाल करार: 1 एप्रिलपासून नवा दर" एवढं पुरे. भाषा रोजच्या व्यवहाराची. इकडे बऱ्याच जणांशी हिंदीत बोलणं होतं; तसं असेल तर मेलही हिंदीत जाऊ द्या. या मॅडमशी मराठीत चालतं, म्हणून मसुदा असा:

"नमस्कार मॅडम, सकाळी फोनवर बोलल्याप्रमाणे, 1 एप्रिलपासून आपल्या 26 एसींच्या देखभालीचा दर प्रति मशीन 2,400 वरून 2,900 रुपये होईल. जीएसटीसह वर्षाचे 73,632 ऐवजी 88,972 रुपये होतील, म्हणजे 15,340 जास्त. ही वाढ सुमारे 21 टक्के आहे; गेली तीन वर्षं दर बदललेला नव्हता.

मुख्य कारण मधल्या कॉलचं. पहिल्या वर्षी 14 होते, गेल्या वर्षी 31. त्यांतले 12 गच्चीवरच्या चार आउटडोरचे आहेत. या चारांची मे महिन्यात एक जादा धुलाई आम्ही वेगळे पैसे न घेता करू. 10 कॉल पाणी गळण्याचे होते. त्यांतले काही पाइप वेळेत साफ न झाल्यामुळे आले, ती आमची चूक. आता प्रत्येक सर्व्हिसला पाइप साफ केल्याची नोंद कार्डावर करू. कारागिरांची मजुरीही वाढली आहे. कॉलची यादी सोबत जोडली आहे.

खर्च एवढा वाढवायचा नसेल तर चारऐवजी तीन सर्व्हिस घेता येतील, डिसेंबरची वगळून. तो दर 2,500 रुपये पडेल. 31 मार्चपर्यंत आताच्याच दराने काम सुरू राहील. आपला निर्णय फेब्रुवारीअखेर कळवावा. बसून बोलायचं असल्यास मी येतो."

यात "महागाईमुळे नाइलाजाने" नाही, "नाममात्र वाढ" नाही. 15,340 नाममात्र आहे की नाही, हे पैसे देणारा ठरवेल. दरवाढीची माफीही मागितलेली नाही. माफी फक्त चुकीची. तीन सर्व्हिसचा पर्याय खरा आहे, देखाव्याचा नाही: एक फेरी वगळली की माझे चार दिवस, म्हणजे 8,400 वाचतात, आणि 65,000 मध्ये तो करार मला परवडतो. जो पर्याय स्वीकारला गेल्यावर आपण कुरकुरू, तो लिहूच नये.

पाठवायच्या आधी स्वतःचा तळाचा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा. माझा 2,750 होता. मात्र नुसतं "थोडं कमी करा" म्हटल्यावर तिथे उतरायचं नाही. लगेच दीडशे कमी केले तर समोरचा समजतो की पहिला आकडा फुगवलेलाच होता, आणि मग यादीही खोटी वाटू लागते. बदल्यात काहीतरी मागा: वर्षाचं पेमेंट आगाऊ, किंवा दोन वर्षांचा करार. "दुसरा 1,800 मध्ये करतो" असं आलं तर त्याला नावं ठेवू नका. त्यात किती फेऱ्या, जेट पंपाने धुलाई की नुसती जाळी साफ, आणि कॉलनंतर किती तासांत माणूस येतो, एवढं विचारून घ्या म्हणावं. शेजारच्या गल्लीतल्या हॉस्पिटलला तुम्ही काय दर लावता, तेही तपासून ठेवा. धंतोलीतले डॉक्टर एकमेकांना रोज भेटतात. दर वेगळा असेल तर त्याचं कारण सांगता आलं पाहिजे.

उत्तर आलं नाही तर आठ दिवसांनी एक फोन करा, त्यापेक्षा जास्त नको. गप्प राहणं म्हणजे होकार धरू नका. लेखी "मंजूर" आल्याशिवाय नव्या दराचं बिल काढायचं नाही, आणि करार पुढे न्यायचा नसेल तर मार्चची राहिलेली सर्व्हिस त्याच नेटाने करून द्यायची. मंजुरी आली की त्याच दिवशी चार आउटडोरच्या जादा धुलाईची तारीख रजिस्टरात घाला, नवतप्याच्या आधीची.