बाबांच्या मोबाइल बँकिंगची घडी अशी बसवली

बाबांची पेन्शन आणि मुदत ठेवी एकाच बँकेत आहेत. ते खातं आम्ही यूपीआयला जोडलंच नाही. दुसऱ्या बँकेत साधं बचत खातं उघडलं, त्यात दरमहा १०,००० रुपये टाकतो आणि भीम ॲपला फक्त तेच जोडलंय. फसवणूक झालीच, तर नुकसान तिथेच थांबतं. माझ्या मते ॲपमधल्या कुठल्याही मर्यादेपेक्षा हे कुंपण भक्कम आहे. पेन्शन खात्याच्या डेबिट कार्डाचे ऑनलाइन व्यवहारही बंद केलेत.

औषधं, किराणा माझा आतेभाऊ आणतो. बाबा त्याला सरळ पिनच सांगायचे, म्हणून बाबांच्या खात्यातून दुसऱ्याला पैसे देऊ देणाऱ्या 'यूपीआय सर्कल' या सोयीत त्याला घेतलं. पूर्ण अधिकार दिला, तर एका वेळी ५,००० आणि महिन्याला १५,००० रुपयांपर्यंत तो स्वतःच देऊ शकतो. अंशतः दिला, तर प्रत्येक वेळी बाबांच्या फोनवर विनंती येते आणि त्यांनी पिन टाकल्यावरच पैसे जातात. आम्ही अंशतः अधिकार निवडला. दुकानात भावाला जरा थांबावं लागतं, पण रक्कम आणि दुकानाचं नाव बाबा स्वतः वाचतात. अनोळखी विनंती आली, तर ती नाकारून आधी मला फोन करायचा, असं ठरलंय.