वादी वारल्यावरचे नव्वद दिवस

समजा, डिचोलीच्या दिवाणी कोर्टात जमिनीच्या मालकीचा दावा चालू आहे आणि एकटेच वादी असलेले गृहस्थ 12 मार्च 2024 रोजी वारले. जमिनीचा हक्क वारसांकडे जातो, म्हणून दावा त्यांच्याबरोबर संपत नाही. मात्र वारसांना रेकॉर्डवर घेण्याचा अर्ज मृत्यूपासून 90 दिवसांत, म्हणजे 10 जूनपर्यंत दाखल व्हावा लागतो. वकिलांना कळवलं म्हणजे झालं, असं घरची माणसं समजतात. वकील कोर्टाला मृत्यूची माहिती देतात, पण तेवढ्याने अर्ज होत नाही.

बाराव्याला सगळे घरी जमतात, त्याच दिवशी नावं लिहून घ्या. गोव्यात चूक होते ती इथेच. पत्नी, मुलगा, मुलगी एवढीच नावं लिहून भागत नाही. इथल्या कायद्याप्रमाणे लग्नाचा वेगळा करार नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक असते, आणि वारशाने आलेला हिस्साही त्यात येतो. म्हणून सून आणि जावई यांचीही नावं अर्जात हवीत. प्रत्येकाचं पूर्ण नाव, वय, पत्ता आणि मयताशी नातं लिहा. एखादं मूल अज्ञान असेल तर त्याच्या वतीने कोण उभं राहणार तेही ठरवा.

जावई बोटीवर नोकरीला असेल आणि सही मिळत नसेल, तर त्याच्यासाठी अर्ज अडवून ठेवू नका. बाकीच्यांनी मुदतीत अर्ज करावा आणि त्याचं नाव त्यात दाखवावं. वादी म्हणून सही न करणाऱ्या वारसाला प्रतिवादी म्हणून जोडता येतं.

मृत्यूचा दाखला पंचायतीतून किंवा नगरपालिकेतून घ्या. दाखल्यावरचं नाव आणि दाव्यातलं नाव जुळतं का, तेही पाहा. एकीकडे आडनाव आणि दुसरीकडे नुसतं वडिलांचं नाव असेल, तर माणूस एकच असल्याचं प्रतिज्ञापत्रात सांगावं लागतं. अर्जाबरोबर हे प्रतिज्ञापत्र आणि वारसांच्या सहीचं नवं वकीलपत्र जोडा, कारण जुन्यावर मयताची सही आहे.

नोटरीकडच्या वारसा दस्तासाठी मात्र थांबू नका. माझ्या पाहण्यात मुदत चुकते ती बहुतेक या दस्ताची वाट पाहण्यात. वारस कोण याबद्दल वाद झाला, तर कोर्ट या दाव्यापुरता निर्णय देतं. जमिनीची वाटणी त्यात होत नाही. दस्त हाती आला की नंतर दाखल करता येतो.

10 जून उलटला तर हुकूम निघाला नाही तरी दावा आपोआप पडतो. पुढच्या 60 दिवसांत, म्हणजे 9 ऑगस्टपर्यंत, तो पुन्हा उभा करण्याचा अर्ज करता येतो, पण तेव्हा उशिराचं सबळ कारण द्यावं लागतं. त्याहूनही उशीर झाला तर तो माफ करण्याचा आणखी एक अर्ज लागतो आणि 10 जूनपासूनच्या विलंबाचा खुलासा करावा लागतो.